इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटरमध्येच गणित संपवायचं: 1240 कुठवर चालतो?

अशोक_चौक

नमस्कार मंडळी. मी इथे सोलापुरात बारावी सायन्सच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. सीईटीच्या पेपरात फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं. कॅल्क्युलेटर नाही. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं गणित आलं की माझी हुशार मुलंसुद्धा 6.63 गुणिले दहाचा उणे चौतीसावा घात मांडून बसतात. कागद भरतो, दहाचे घात इकडचे तिकडे होतात, आणि उत्तर हजारपटीने चुकलं तरी त्यांना पत्ता लागत नाही, कारण उणे एकोणिसाव्या घातातल्या ज्यूलचा कुणालाच अंदाज नसतो.

म्हणून मी त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट पाठ करायला लावतो. h आणि c वेगवेगळे लिहायचेच नाहीत. दोघांचा गुणाकार करायचा, e ने भागायचं आणि मीटरचे नॅनोमीटर करायचे. हा उद्योग आयुष्यात एकदाच. उत्तर येतं 1240.

```
hc = 1240 eV·nm
E (eV) = 1240 / λ (nm)
```

आता हे गणित घ्या. सीझियमवर 400 नॅनोमीटरचा प्रकाश पडतो, वर्क फंक्शन 2.14 इलेक्ट्रॉनव्होल्ट. स्टॉपिंग पोटेन्शियल किती? 1240 ला 400 ने भागलं की 3.10. त्यातून 2.14 वजा, राहिले 0.96 इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल 0.96 व्होल्ट. ज्यूल कुठे आलाच नाही.

इथपर्यंत मुलं खूश असतात. पण बऱ्याच प्रश्नांत पुढचा भाग असतो: सगळ्यात वेगवान इलेक्ट्रॉनचा वेग किती, आणि त्याची डी ब्रॉग्ली वेव्हलेंग्थ किती? तिथे मुलं परत 9.1 गुणिले दहाचा उणे एकतीसावा घात काढतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. हा दुसरा अर्धा भागही इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच ठेवून सोडवायची सरळ पद्धत कुणी शिकवत असेल तर सांगा. मुलांना पटेल अशी हवी, नुसतं पाठ करायचं सूत्र नको.

सात_रस्ता

सर, मी सध्या सीईटी रिपीट करतोय. यात अवघड काय आहे? तेच सूत्र उलटं करायचं. E = 1240/λ, म्हणून λ = 1240/E. इलेक्ट्रॉनची एनर्जी 0.96 आली ना, मग 1240 भागिले 0.96, म्हणजे साधारण 1292 नॅनोमीटर. आमच्या क्लासमध्ये सांगितलंय की एनर्जी इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असली की 1240 लावायचा. डोळे झाकून.

केगाव_कॅम्पस

थांब भाऊ. 1292 नॅनोमीटर म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाची वेव्हलेंग्थ झाली. इलेक्ट्रॉनची एवढी मोठी कशी असेल? मी विद्यापीठात एमएस्सी करतोय. आम्हाला बीएस्सीला 12.27 भागिले रूट V अँगस्ट्रॉम असं सूत्र होतं. 0.96 चं वर्गमूळ 0.98. 12.27 भागिले 0.98 म्हणजे साडेबारा अँगस्ट्रॉम, अर्थात 1.25 नॅनोमीटर. तुझ्या आणि माझ्या उत्तरात हजारपट फरक आहे.

मात्र हे 12.27 कुठून येतं ते अशोक_चौक सरांना हवं तसं मला सांगता येणार नाही, मीही ते पाठच केलेलं आहे.

निवृत्त_मास्तर

प्रश्न फार चांगला विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सात_रस्ता, तुझ्या क्लासमध्ये सांगितलेलं वाक्य अर्धं आहे. 1240 हा आकडा खरं तर एनर्जीशी बांधलेला नाही, तो संवेगाशी बांधलेला आहे. डी ब्रॉग्ली काय म्हणतो? λ = h/p. वर-खाली c ने गुण:

```
λ = hc / pc
```

बस, एवढंच. हे फोटॉनलाही लागू आणि इलेक्ट्रॉनलाही. वरचे 1240 कधीच बदलत नाहीत. खालचं pc म्हणजे संवेग, पण इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजलेला. आता खरा प्रश्न इतकाच की pc किती?

फोटॉनला वस्तुमान नाही, त्याची pc म्हणजेच त्याची एनर्जी. म्हणून तिथे 1240/E चालतं. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे. त्याची गतिज ऊर्जा K = p²/2m. इथेही वर-खाली c² ने गुण, म्हणजे K = (pc)²/2mc² होतं. त्यातून

```
pc = √(2 · mc² · K)
mc² = 511000 eV   (इलेक्ट्रॉन)
```

किलोग्रॅम गेले. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 9.1 गुणिले दहाचा उणे एकतीसावा घात असं लक्षात ठेवण्याऐवजी mc² = 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असं ठेवायचं. आता 2mc² म्हणजे 10,22,000. त्याचं वर्गमूळ 1011. म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी pc जवळजवळ 1000 गुणिले √K. आणि 1240 भागिले 1011 म्हणजे 1.226. केगाव_कॅम्पस, तुमचं 12.27 ते हेच, अँगस्ट्रॉममधलं.

यातून तुमच्या हजारपट फरकाचाही उलगडा होतो. एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची pc एक इलेक्ट्रॉनव्होल्ट नसते, ती हजारच्या घरात असते. इलेक्ट्रॉनला फोटॉनचं सूत्र लावलं की वेव्हलेंग्थ साधारण हजारपट मोठी येते. मी वर्गात पेपर तपासताना असा आकडा दिसला की पुढचं न वाचताच कळायचं काय झालंय.

वेगाचंही तसंच. K = ½mv² मध्ये वर-खाली c² घाला:

```
v/c = √(2K / mc²)
    = √(1.92 / 511000) = 0.00194
v   = 0.00194 × 3×10⁸ = 5.8×10⁵ m/s
```

सेकंद आणि मीटर फक्त शेवटच्या ओळीत आले, c बरोबर. मुलांना सांगा, v/c आधी काढा. तो एकापेक्षा फार लहान आला तर गणित शाबूत आहे. सरळ मीटर प्रतिसेकंद काढलं तर 5.8 गुणिले दहाचा पाचवा घात बरोबर की आठवा घात, हे पोराला सांगता येत नाही. v/c मध्ये आठव्या घाताची चूक लपूच शकत नाही, कारण ती एकाच्या वर जाते.

सात_रस्ता

मास्तर, पटलं. म्हणजे वर 1240 कायम, खाली काय ठेवायचं ते कण बघून ठरवायचं. पण परीक्षेत घाईत 1011 चं वर्गमूळ वगैरे कोण करणार?

निवृत्त_मास्तर

1011 हेच वर्गमूळ आहे बाळा, त्याचं परत काढायचं नाही. :) आणि घाईसाठी अजून सोपं: 1.226 चा वर्ग दीड येतो. म्हणून λ² = 1.5/K, नॅनोमीटर आणि इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. 150 व्होल्टचा इलेक्ट्रॉन असेल तर λ² = 0.01, म्हणजे λ = 0.1 नॅनोमीटर. हा एक आकडा डोक्यात ठेव: दीडशे व्होल्टला एक अँगस्ट्रॉम. बाकीचे त्याच्या आजूबाजूला अंदाजाने लावता येतात. डेव्हिसन आणि जर्मर यांनी 1927 मध्ये निकेलच्या स्फटिकावर 54 व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले होते. 54 हे दीडशेच्या एक-तृतीयांशाच्या जरा वर, म्हणजे λ एक अँगस्ट्रॉमच्या √3 पटीपेक्षा थोडी कमी. 1.226 भागिले √54 केलं की 0.167 नॅनोमीटर येतं. प्रयोगात 0.165 मिळालं होतं.

पूर्वभाग

नमस्कार. मी फिजिक्सवाला नाही, आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी बारावीला आहे, तिच्यासाठी धागा वाचतोय. एक शंका विचारतो, राग मानू नका. तिने कॉलेजच्या चाचणीत हेच 1240 वापरून उत्तर काढलं. उत्तर बरोबर होतं, तरी तीनपैकी एकच मार्क मिळाला. 'सब्स्टिट्यूशन दाखवलं नाही' असा शेरा होता. आता ती म्हणते, पप्पा मी जुन्याच पद्धतीने करते. बोर्डात हे चालतं की नाही? तिथे लॉगटेबल वापरू देतात असं ऐकलंय, मग ही पद्धत हवीच कशाला?

अशोक_चौक

दादा, राग कसला, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. बोर्डात लॉगटेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही, हे बरोबर. बोर्डाचं उत्तर पायरीपायरीने तपासतात. मुलीने नुसतं '1240/400 = 3.1' लिहिलं असेल तर तपासणाऱ्याला सूत्र दिसतच नाही. तिला सांगा, आधी पूर्ण सूत्र लिहायचं, eV₀ = hc/λ − φ. मग एक ओळ: hc = 6.63×10⁻³⁴ × 3×10⁸ / 1.6×10⁻¹⁹ ≈ 1243 eV·nm. त्यानंतर भागाकार. स्थिरांकांची किंमत टाकलेली दिसली की मार्क कापायला जागा राहत नाही.

बार्शीकर

राहत नाही असं खात्रीने सांगू नका सर. मी ज्युनियर कॉलेजला आहे, पेपर तपासायला जातो. नमुना उत्तरात एसआय एककातल्या पायऱ्या असतात. काही परीक्षक समजूतदार असतात, मूल बरोबर पोचलंय ते बघून पूर्ण मार्क देतात. काही नमुन्याला चिकटून चालतात. माझा सल्ला असा की बोर्डात एसआयमध्ये लिहा, लॉगटेबल वापरा आणि 1240 फक्त कच्च्या कामात, उत्तर पडताळायला ठेवा. सीईटीत मात्र बिनधास्त.

अशोक_चौक

दोन वेळा गणित करायचं म्हणजे वेळ दुप्पट. सूत्र आणि स्थिरांकाची ओळ लिहिल्यावर एकक कुठलं घ्यायचं हा मुलाचा हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे. आपलं इथे जमणार नाही.

बार्शीकर

हक्काचं बरोबर आहे, पण मार्क मुलाचे जातात, आपले नाही. असो.

जुळे_सोलापूर

मध्येच विचारतो, कारण कालपासून एका गणितावर अडकलोय. अशोक_चौक सरांनी वर बोर्डासाठी 1243 लिहिलं आणि पहिल्या पोस्टमध्ये 1240. माझ्याकडच्या एका प्रश्नसंचात 550 नॅनोमीटरचा प्रकाश आणि 2.25 इलेक्ट्रॉनव्होल्टचं वर्क फंक्शन आहे. मॅक्झिमम कायनेटिक एनर्जी विचारली आहे. मी 1240 लावून 0.0045 काढलं. उत्तरसूचीत 'शून्य' आहे. मित्राने 6.63 घेऊन केलं, त्याला 0.01 आलं. तिघांची तीन उत्तरं! यातलं खरं कुठलं?

निवृत्त_मास्तर

हा मुद्दा यायलाच हवा होता. या पद्धतीची खरी मर्यादा इथेच आहे.

प्रश्न काढणाऱ्याने h = 6.6×10⁻³⁴ धरलं आहे. करून बघा: 6.6 गुणिले 3 भागिले 1.6 म्हणजे 12.375, आणि hc झाला 1237.5. आता 1237.5 भागिले 550 म्हणजे बरोबर 2.25. त्याने गणित उलट बाजूने रचलं, फोटॉनची ऊर्जा आणि वर्क फंक्शन बरोब्बर सारखी यावी म्हणून. तुमच्या मित्राने 6.63 आणि 1.6 घेतले, त्यातून 1243 येतो. आणि निसर्गाचा आकडा 1239.84 आहे. 20 मे 2019 पासून h, c आणि e तिन्ही व्याख्येनेच ठरलेले असल्यामुळे यात आता मोजमापाची त्रुटीही नाही. 1240 त्याच्या सगळ्यात जवळ.

1237.5, 1240, 1243 यांच्यात फरक किती? पाव टक्का इकडे, पाव टक्का तिकडे. फोटॉनची ऊर्जा विचारली असेल तर याने काहीच बिघडत नाही. पण फोटोइलेक्ट्रिकमध्ये तुम्ही वजाबाकी करता. 2.25 मधला पाव टक्का म्हणजे 0.006. वजाबाकीनंतर उरणारी रक्कमच तेवढी असेल तर उत्तर सगळंच्या सगळं त्या चुकीतून आलेलं असतं. सीझियमच्या उदाहरणात 3.10 मधून 2.14 गेले, 0.96 उरले. तिथे 1243 घेतला असता तर 0.968 आलं असतं. एक टक्क्याच्या आत फरक, चालून जातो.

म्हणून माझी सवय सांगतो. वजाबाकी केल्यावर जे उरतं ते मूळ फोटॉनच्या ऊर्जेच्या दहाव्या भागापेक्षा कमी दिसलं की थांबायचं. पेपरात दिलेल्या h, c, e वरून त्या पेपरापुरता hc परत काढायचा आणि तोच वापरायचा. तीन साधे आकडे आहेत, दहाचे घात ठरलेले आहेत, अर्ध्या मिनिटात होतं. आणि पेपरात hc = 1242 किंवा 12400 इलेक्ट्रॉनव्होल्ट-अँगस्ट्रॉम असं सरळ दिलं असेल तर प्रश्नच मिटला, तेच घ्यायचं.

जुळे_सोलापूर

म्हणजे माझं उत्तर चूक नाही, पण त्या पेपरासाठी बरोबरही नाही?

निवृत्त_मास्तर

तसंच. आणि खरं सांगायचं तर असा प्रश्न काढणाऱ्याने स्थिरांक प्रश्नाखाली छापायला हवे होते.

यंत्रमाग_चौक

मी एलईडीच्या माळा आणि पाट्या बनवतो. तुमचा धागा वाचून कुतूहल वाटलं. निळा एलईडी 460 नॅनोमीटरचा असतो. 1240 भागिले 460 म्हणजे 2.7. पण माझ्या मीटरवर निळा एलईडी पेटताना तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो, 2.7 नाही. लाल 630 चा, त्याला सूत्राने 1.97 येतं, तो मात्र दोनच्या आसपास दाखवतो. मग सूत्र लालला चालतं आणि निळ्याला नाही असं आहे का?

केगाव_कॅम्पस

भाऊ, यावर मला लिहिता येईल, आम्ही प्रॅक्टिकलला एलईडीवरून प्लांक काढला होता. 1240/λ तुम्हाला बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा देतं. तुम्ही मीटरवर बघता ते पूर्ण करंटला येणारं व्होल्टेज. त्यात एलईडीच्या आतल्या रेझिस्टन्सवर पडणारं व्होल्टेजही मिसळलेलं असतं, आणि निळ्यात ते जास्त भरतं. करंट अगदी कमी करत नेऊन जिथे एलईडी जेमतेम उजळतो तिथलं व्होल्टेज बघा, ते 2.7 च्या जवळ येईल. तरी त्याला काटेकोर मानू नका. आमचाही प्लांक त्यावरून थोडा सरकलेलाच आला होता.

यंत्रमाग_चौक

बघतो उद्या दुकानात.

रातराणी

मी जॅमची तयारी करतेय. मास्तर, तुमच्या pc च्या सूत्रात एक खटकलं. K = p²/2m हे कमी वेगाचं सूत्र आहे. माझ्या टेस्ट सिरीजमध्ये 100 किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं गणित होतं. 1.226 भागिले √100000 केलं तर 0.00388 नॅनोमीटर येतं. दिलेलं उत्तर 0.0037 आहे. मग 1.226 कुठपर्यंत वापरायचा?

निवृत्त_मास्तर

बरोबर पकडलंत. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे K हा mc² च्या पाचव्या हिश्श्याएवढा झाला. तिथे पूर्ण सूत्र घ्यावं लागतं:

```
pc = √(K² + 2·K·mc²)
```

एकक तीच, 1240 तोच, फक्त वर्गमुळात K² वाढला. किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये 10000 अधिक 102200, बेरीज 112200, वर्गमूळ 335. म्हणजे pc = 335 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि 1.24 भागिले 335 म्हणजे 0.0037 नॅनोमीटर. इथे मी hc किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये 1.24 घेतला, बाकी काही नाही.

आता कुठपर्यंत? K² ला सोडून दिल्याने वेव्हलेंग्थमध्ये होणारी चूक साधारण K भागिले 4mc² एवढी असते. 4mc² म्हणजे जवळजवळ 2000 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे K किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये घ्या, 20 ने भागा, तेवढे टक्के चूक. 100 ला पाच टक्के, तेच तुमचे 0.00388 आणि 0.0037. 20 किलोव्होल्टला एक टक्का. बारावीच्या गणितात व्होल्टेज शंभर-दोनशे असतं, तिथे चिंता नाही. ऊर्जा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये गेली की हा अंदाजसुद्धा विसरायचा, पूर्ण सूत्रच लावायचं.

रातराणी

भारी. हे 20 ने भागायचं कुठेच वाचलं नव्हतं. मग पार्टिकल इन अ बॉक्सलाही अशीच युक्ती चालेल ना? E = h²/8mL². वर-खाली c² केलं की (hc)² भागिले 8mc²L².

निवृत्त_मास्तर

करून टाका आकडे.

रातराणी

1240 चा वर्ग साधारण 15.4 लाख. 8 गुणिले 511000 म्हणजे साधारण 40.9 लाख. भागाकार 0.376. म्हणजे एक नॅनोमीटरच्या बॉक्समध्ये ग्राउंड स्टेट 0.376 इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि एक अँगस्ट्रॉमच्या बॉक्समध्ये त्याच्या शंभरपट, 37.6. मला याआधी दर वेळी h चा वर्ग करून उणे अडुसष्टावा घात लिहावा लागायचा.

निवृत्त_मास्तर

आणि 37.6 पाहिल्यावर लगेच कळतं की अणूच्या आकाराच्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ज्यूलमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

सात_रस्ता

मास्तर, माझा अजून एक. आजच सोडवला: प्रोटॉन आणि अल्फा कण दोघांना 100 व्होल्टने ॲक्सिलरेट केलं, डी ब्रॉग्ली वेव्हलेंग्थ काढा. मी दोघांचीही K 100 इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली. प्रोटॉनची mc² 938 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, अल्फाची 3727. प्रोटॉनचं 0.00286 नॅनोमीटर जुळलं. अल्फाचं 0.00144 आलं, उत्तरात 0.00101 आहे. इथेही स्थिरांकाचीच भानगड का?

केगाव_कॅम्पस

नाही रे, एवढा फरक पाव टक्क्यातून येत नाही. तुझं अल्फाचं उत्तर आणि दिलेलं उत्तर √2 पटीत आहेत बघ. अल्फावर दोन चार्ज असतात. 100 व्होल्टमधून गेला की त्याला 200 इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनव्होल्ट एकाच आकड्याचे फक्त एक चार्ज असला तरच.

सात_रस्ता

हो की! 2 गुणिले 3727 मेगा गुणिले 200, त्याचं वर्गमूळ 12.2 लाख. 1240 भागिले 12.2 लाख म्हणजे 0.00102. जुळलं.

पूर्वभाग

मुलीने हा सगळा धागा वाचला. ती म्हणते सीईटीला 1240, पण बोर्डाचं अजून ठरवलेलं नाही. तिच्या कॉलेजच्या बाईंना विचारणार आहे. बार्शीकर सर, एवढंच सांगा: उत्तर व्होल्टमध्ये विचारलं असेल आणि तिने सगळं इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये करून शेवटी व्होल्ट लिहिलं, तर एककाचा मार्क जातो का?

बार्शीकर

शेवटच्या उत्तराला योग्य एकक असेल तर एककाचा मार्क जाऊ नये. मधल्या पायऱ्यांचं मी वर लिहिलंय, त्यावर माझं मत तेच. मात्र प्रश्नात 'ज्यूलमध्ये काढा' असेल तर शेवटी 1.6×10⁻¹⁹ ने गुणायला विसरू नको म्हणावं. तिथे खरोखर मार्क जातात.

अशोक_चौक

आणि एक प्रकार राहिला, सीईटीत अधूनमधून येतो: 620 नॅनोमीटरचा 1 मिलिवॉट प्रकाश, प्रत्येक फोटॉन एक इलेक्ट्रॉन बाहेर काढतो असं धरून करंट किती? मुलं इथे फोटॉनची संख्या काढायला ज्यूलकडे धावतात. 1240/620 म्हणजे 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट. एका फोटॉनमागे 2e ज्यूल खर्च, आणि एका फोटॉनमागे e एवढा चार्ज जमा. e कटतो. वॉट भागिले इलेक्ट्रॉनव्होल्टचा आकडा म्हणजे सरळ ॲम्पिअर: 1 मिलिवॉट भागिले 2, करंट 0.5 मिलिॲम्पिअर. शंभरातला एकच फोटॉन इलेक्ट्रॉन काढतो असं दिलं असेल तर त्याचा शंभरावा भाग, 5 मायक्रोॲम्पिअर. पण 'दर सेकंदाला किती फोटॉन' असं विचारलं तर सुटका नाही, 1.6×10⁻¹⁹ एकदा आणावाच लागतो. मास्तर, त्यालाही काही तोड आहे का?

निवृत्त_मास्तर

संख्या हवी असेल तर नाही. 1 ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला 6.25×10¹⁸ इलेक्ट्रॉन, हा आकडा पाठ असला तर तुमच्या 0.5 मिलिॲम्पिअरवरून लगेच 3.1×10¹⁵ फोटॉन मिळतात. भागाकाराऐवजी गुणाकार करायचा, एवढाच फायदा.